दोन रेझिस्टरच्या मधलं व्होल्टेज: कागदावर ४.०३, मीटरवर ३.०५

प्रश्न: सर, तासगाव तालुक्यात आमची द्राक्षबाग आहे. ठिबकचे व्हॉल्व्ह चालवायला आर्डुइनो नॅनो लावलाय. १२ व्होल्ट ७ एएचची बॅटरी आणि सोलर आहे. बॅटरी किती आहे ते कळावं म्हणून वर १ मेगओहम आणि खाली ४७० किलोओहम लावून मधली तार A0 ला दिली. बॅटरी १२.६ असताना मध्ये ४.०३ यायला पाहिजे, पण मीटर ३.०५ दाखवतो. शेतात नॅनो १२.३ दाखवतो, बागेला पाणी दिलं की १२.०. तोच बोर्ड घरी लॅपटॉपला जोडला की १३ च्या आसपास. रेझिस्टर खोटे लागलेत का? की माझं गणित चुकतंय?

उत्तर:

गणित बरोबर आहे आणि रेझिस्टरही बहुधा बरोबरच आहेत. पण इतके मोठे रेझिस्टर घेतल्यामुळे मधला बिंदू फार नाजूक झालाय. त्याला मीटर लावला तर मीटर खाली ओढतो, चिपनं मोजायला घेतलं तर चिप ओढते. घरचा आकडा चुकतो त्याचं कारण वेगळं आहे, ते पुढे सांगतो. वर १५० किलोओहम आणि खाली १० किलोओहम लावा, नॅनोचा आतला १.१ व्होल्टचा रेफरन्स वापरा आणि A0 ते ग्राउंड १०० नॅनोफॅरडचा कपॅसिटर टाका. तुमच्या तिन्ही तक्रारी जातील. हेच आकडे का, ते मात्र समजून घ्या, कारण उद्या २४ व्होल्टची बॅटरी आली तर हाच हिशेब तुम्हाला स्वतःला करावा लागेल.

आधी मीटर बघू. तुमच्याकडे बहुतेक तो पिवळा स्वस्तातला डिजिटल मीटर असणार. त्या जातीच्या मीटरचा व्होल्ट रेंजवरचा स्वतःचा रोध साधारण १ मेगओहम असतो. तुम्ही खालच्या ४७० किलोओहमच्या दोन टोकांना प्रोब लावता, तेव्हा तिथे १ मेगओहमचा आणखी एक रेझिस्टर समांतर जोडता. ४७० किलोओहम आणि १ मेगओहम समांतर म्हणजे ३२० किलोओहम. आता वर १ मेग आणि खाली ३२० के. १२.६ ला ३२० नं गुणा आणि १३२० नं भागा, ३.०५ येतं. म्हणजे मीटर खोटं बोलत नाही. प्रोब टेकलेले असेपर्यंत तिथे खरोखरच ३.०५ व्होल्ट असतात. प्रोब काढले की बिंदू परत वर जातो.

ठिबकच्या भाषेत सांगतो. बारीक नळीच्या टोकाला प्रेशर गेज लावला आणि गेजच थोडा गळका असला, तर ती गळती नळीतला दाब खाली आणते आणि गेज तो पडलेला दाब दाखवतो. तोच गळका गेज ६३ मिलिमीटरच्या मेन लाइनला लावा, काटा हलणारही नाही. गळती तेवढीच आहे, पण मेन लाइनच्या मानानं ती काहीच नाही. डिव्हायडरचा मधला बिंदू किती बारीक नळी आहे हे मोजायचं असेल, तर वरचा आणि खालचा रेझिस्टर समांतर धरून हिशेब करायचा. तुमच्या जोडीचा तो आकडा ३२० किलोओहम येतो. मी सुचवलेल्या १५० आणि १० च्या जोडीचा ९.४ किलोओहम. पुढचं सगळं या एका आकड्यावर चालतं, तो लक्षात ठेवा. मी त्याला बिंदूचा रोध म्हणतो.

तुमच्या मीटरचा रोध नक्की किती, हे घरच्या घरी कळतं. तुमच्याकडचा १ मेगओहमचा रेझिस्टर सुटा घ्या. त्याचं एक टोक बॅटरीच्या प्लसला आणि दुसरं टोक मीटरच्या लाल प्रोबला लावा, काळा प्रोब मायनसला. १२.६ ऐवजी बरोबर निम्मे, ६.३ दिसले, तर मीटर १ मेगओहमचा. ११.४५ च्या आसपास दिसले तर १० मेगओहमचा. या चाचणीला दोन मिनिटं लागतात आणि पुढची कित्येक वर्षं तुम्ही त्या मीटरचा आकडा डोळसपणे वाचता.

आता चिपकडे येऊ, कारण पाणी दिल्यावर बॅटरी उतरलेली दिसते, त्याचं उत्तर तिथे आहे. नॅनोवरची ATmega328P चिप सगळ्या अॅनालॉग पिन एकाच मोजणी यंत्रानं मोजते. आत एक १४ पिकोफॅरडचा अगदी लहान कपॅसिटर असतो. चिप आळीपाळीनं एकेका पिनला तो कपॅसिटर जोडते, पिनच्या व्होल्टेजपर्यंत तो भरून घेते, मग पिन तोडते आणि कपॅसिटरवरचं व्होल्टेज मोजते. भरायला मिळणारा वेळ ठरलेला असतो. आर्डुइनोच्या नेहमीच्या सेटिंगमध्ये मोजणीचा क्लॉक १२५ किलोहर्ट्झ, आणि भरण्यासाठी दीड क्लॉक, म्हणजे १२ मायक्रोसेकंद.

१२ मायक्रोसेकंदांत तो भरतो का? ३२० किलोओहम गुणिले १४ पिकोफॅरड म्हणजे साधारण ४.५ मायक्रोसेकंद. याला टाइम कॉन्स्टंट म्हणतात. १२ मायक्रोसेकंदांत असे जेमतेम २.७ टप्पे बसतात, आणि तेवढ्यात आधीच्या आणि नव्या व्होल्टेजमधला सुमारे ७ टक्के फरक भरायचा राहून जातो. आधीचं व्होल्टेज कुठलं? तुम्ही त्याआधी जी पिन वाचली तिचं. तुम्ही लिहिलेलं नाही, पण पाणी दिल्यावर आकडा बदलतो यावरून दुसऱ्या पिनवर, बहुधा A1 वर, तुमचा मातीच्या ओलाव्याचा सेन्सर असणार आणि प्रोग्रॅम आधी तो वाचत असणार.

कपॅसिटिव्ह जातीचा सेन्सर माती ओली असली की कमी व्होल्टेज देतो. समजा ओल्या मातीत तो १.२ व्होल्ट देतोय. कपॅसिटर १.२ वर आहे, त्याला ४.०३ पर्यंत चढायचंय, फरक २.८ व्होल्ट. त्यातले ७ टक्के, म्हणजे जवळपास ०.२ व्होल्ट राहून गेले. तुमचा प्रोग्रॅम पिनचं व्होल्टेज बॅटरीत बदलायला ३.१३ नं गुणतो, म्हणजे बॅटरीत ०.६ व्होल्टची खोट. १२.६ चे १२.० झाले. कोरड्या मातीत सेन्सर २.८ देत असेल तर फरक १.२ च व्होल्टचा, आणि त्याच हिशेबानं बॅटरी १२.३ दिसते. तुम्ही सांगितलेले आकडे जवळजवळ हेच आहेत. चिपच्या आतल्या वाटेलाही थोडा रोध असतो, त्यामुळे प्रत्येक बोर्डावर हा आकडा थोडा पुढेमागे होईल, पण दिशा हीच राहील.

म्हणूनच त्या चिपच्या डेटाशीटमध्ये स्पष्ट लिहिलंय की पिनला जोडलेल्या गोष्टीचा रोध १० किलोओहम किंवा त्याहून कमी असावा. ९.४ किलोओहम गुणिले १४ पिकोफॅरड म्हणजे ०.१३ मायक्रोसेकंद. १२ मायक्रोसेकंदांत असे नव्वद टप्पे बसतात, आधीच्या पिनची आठवणही उरत नाही.

हीच शंका पडताळून पाहायची असेल तर रेझिस्टर न बदलता करता येईल. प्रोग्रॅममध्ये `A0` लागोपाठ दोनदा वाचा, पहिला आकडा टाकून द्या आणि दुसरा घ्या. दुसऱ्या वेळी कपॅसिटर आधीच बराचसा भरलेला असतो, उरतात ७ टक्क्यांतले ७ टक्के, म्हणजे अर्धा टक्का. दोन्ही आकडे स्क्रीनवर छापा. पहिल्यापेक्षा दुसरा ठळकपणे वर असेल, तर दोष याच जागी आहे.

बरेच जण इथे विचारतील की मग १ मेग आणि ४७० के तसेच ठेवून नुसता १०० नॅनोफॅरडचा कपॅसिटर A0 ला लावला तर? दुकानात त्याला १०४ चा डिस्क म्हणतात. चालतं, आणि चांगलं चालतं. १०० नॅनोफॅरड हा चिपच्या १४ पिकोफॅरडच्या सात हजार पट आहे. टाकीतून वाटीभर पाणी घेतल्यासारखं चिप त्यातून घेते आणि पातळी हलत नाही. मात्र ती टाकी परत भरायची ती ३२० किलोओहममधूनच, त्याला ३२ मिलिसेकंदांचा टाइम कॉन्स्टंट आहे. सेकंदाला एकदा वाचलं तर काही अडचण नाही. पण लूपमध्ये थांबा न घालता सेकंदाला हजारो वेळा दोन्ही पिन वाचत बसलात, तर वाट्या इतक्या जातील की पातळी उतरेल. आणि कपॅसिटर फक्त ही एकच तक्रार मिटवतो. मीटर तरीही ३.०५ च दाखवणार, आणि आता सांगतो ती गळती तर तशीच राहणार.

ही गळती मी स्वतः अनुभवलेली आहे, आणि ती समजायला मला दोन आठवडे लागले होते. मणेराजुरीकडच्या एका बागेत मी असाच कंट्रोलर बसवला होता, तुमच्यासारखाच, वर १ मेग आणि खाली ४७० के. बॅटरी ११ च्या खाली गेली की व्हॉल्व्ह उघडायचे नाहीत, अशी अट प्रोग्रॅममध्ये होती. ऑक्टोबर छाटणी होऊन महिना झाला, थंडी पडायला लागली, आणि सकाळच्या पाळीला व्हॉल्व्ह उघडेनात. मी दहाच्या सुमारास पोचायचो तेव्हा सगळं ठीक. बॅटरी बदलली, चार्ज कंट्रोलर बदलला, तरी तेच.

शेवटी एकदा सकाळी साडेसहाला गेलो. दव इतकं पडलं होतं की डब्याच्या झाकणातून थेंब ओघळत होते. बॅटरीच्या टर्मिनलवर १२.६, स्क्रीनवर १०.९. नॅनो सॉकेटमधून काढला, बॅटरीची तार सोडवली आणि खालचा रेझिस्टर बोर्डावरच मोजला, तर ४७० च्या जागी ३८० किलोओहम. भिंग धरून बघितलं, तर रेझिस्टरच्या दोन पायांमध्ये सोल्डरिंगच्या फ्लक्सचा पिवळट थर होता आणि त्यावर बोर्डो मिश्रणाची निळसर पूड बसलेली होती. डब्याच्या केबलच्या छिद्रातून फवारणीचा तुषार आत जात होता. कोरडं असताना तो थर काही करत नाही. दव पडलं की मोरचूद आणि चुना ओले होतात, आणि ओला क्षार वीज वाहतो. त्या थराचा रोध मी मागाहून काढला, तो २ मेगओहमच्या आसपास आला. ४७० के आणि २ मेग समांतर म्हणजे ३८० के, आणि त्या हिशेबानं १२.६ ची बॅटरी १०.९ दिसते. ऊन चढलं, थर वाळला, की परत १२.६.

आयसोप्रोपाइल अल्कोहोल आणि जुन्या टूथब्रशनं बोर्ड घासून वाळवल्यावर रेझिस्टर ४७० वर आला. पण पुढच्या फवारणीनंतर पुन्हा तेच होणार होतं, म्हणून जोडीच बदलली. १० किलोओहमला तोच २ मेगओहमचा थर समांतर आला, तर तो ९.९५ किलोओहम होतो. १२.६ ची बॅटरी फार तर १२.५४ दिसेल. बागेतल्या बोर्डावर मी तेव्हापासून शंभर किलोओहमच्या वरचा रेझिस्टर खालच्या बाजूला लावत नाही. बोर्डावर कॉन्फॉर्मल कोटिंगचा फवारा मारतो आणि केबल डब्याच्या खालच्या बाजूनंच ग्लँडमधून आत घेतो.

आता घरचा आकडा. नॅनो मोजतो ते व्होल्टमध्ये नसतं. पिनचं व्होल्टेज रेफरन्सच्या किती भाग आहे, ते तो १०२४ पैकी सांगतो. तुम्ही काही वेगळं सांगितलं नसेल तर रेफरन्स म्हणजे बोर्डावरची ५ व्होल्टची लाइन. शेतात बॅटरी VIN ला जोडलेली असते, रेग्युलेटर ५ व्होल्ट करून देतो, आणि तुमच्या प्रोग्रॅममधला ५.० खरा ठरतो. घरी नॅनो यूएसबीवर चालतो. नॅनोवर यूएसबीची लाइन एका शॉट्की डायोडमधून येते, तिथे थोडं व्होल्टेज पडतं, आणि बोर्डावर ४.७ च्या आसपासच उरतं. पिनवर तेवढंच व्होल्टेज असून ४.७ चा ते मोठा भाग होतं, आणि तुमचा प्रोग्रॅम अजून ५.० नंच गुणतो. १२.३ चे १३.१ होतात. शिवाय चार्जिंग चालू असताना बॅटरी १४.७ ला गेली तर तुमच्या जोडीतून पिनवर ४.७ येतात आणि यूएसबीवर आकडा १०२३ ला अडकून बसतो.

चिपच्या आत १.१ व्होल्टचा वेगळा रेफरन्स आहे. पुरवठा ५.० असो की ४.७, तो जवळपास हलत नाही. एका चिपपासून दुसऱ्या चिपपर्यंत मात्र तो १.० ते १.२ मध्ये कुठेही असू शकतो, म्हणून तो प्रत्येक बोर्डावर एकदा जुळवून घ्यावा लागतो. आणि पिनवर येणारं व्होल्टेज त्याच्या खाली ठेवावं लागतं. इथून माझे आकडे निघतात. तुमचा रेफरन्स वाईटात वाईट १.० निघाला, तरी बॅटरी चार्जिंगच्या टोकाला, १४.७ ला असताना, पिनवर १.० च्या आतच राहिलं पाहिजे. सोळावा भाग घेतला तर १६ व्होल्टपर्यंत जागा मिळते. खाली १०, वर १५०, बेरीज १६०, म्हणजे बरोबर सोळावा भाग. दोन्ही मूल्यं सांगलीच्या कुठल्याही इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात पुडीनं मिळतात.

१२.६ वर पिनला ०.७८८ व्होल्ट येतील आणि नॅनो ७३३ च्या आसपास आकडा देईल. एका आकड्याची पायरी बॅटरीत १७ मिलिव्होल्टची. लेड अॅसिड बॅटरीत भरलेली आणि बरीच उतरलेली यांच्यात अर्ध्या व्होल्टहून थोडाच जास्त फरक असतो, त्यासाठी ही पायरी पुरेशी बारीक आहे. तुमचा पिवळा मीटर या बिंदूला लावला तर ०.७८८ ऐवजी ०.७८० दाखवेल. एक टक्क्याच्या आतला फरक.

तुम्ही १ मेग का निवडला असेल याचा मला अंदाज आहे: बॅटरी वाचावी म्हणून. तुमची जोडी ८.६ मायक्रोअँपिअर घेते, माझी ७९. ऐकायला नऊपट वाटतं. पण ७९ मायक्रोअँपिअर दिवसभर घेतले तर २ एमएएचच्या आत. नॅनो स्वतः २० मिलिअँपिअरच्या आसपास खातो, म्हणजे दिवसाला ४८० एमएएच. डिव्हायडरमध्ये वाचवलेलं त्यापुढे हिशेबात धरण्यासारखं नाही. नॅनोवरचा एलईडी एकटाच डिव्हायडरपेक्षा जास्त घेतो. चिप झोपवून महिनोन्‌महिने चालवायचा बोर्ड असेल तर गोष्ट वेगळी. तिथे मोठे रेझिस्टर, १०४ चा कपॅसिटर आणि अगदी स्वच्छ बोर्ड, असं तिन्ही लागतं.

रेझिस्टर घेताना एक टक्क्याचे मेटल फिल्म मागा. निळसर अंगाचे, पाच पट्ट्यांचे. पिवळट अंगाच्या पाच टक्केवाल्यांत वरचा ५ टक्के जास्त आणि खालचा ५ टक्के कमी निघाला, तर १२.६ चे ११.५ दिसतील. एक टक्केवाल्यांत वाईटात वाईट १२.४. तुम्ही म्हणाल की नाहीतरी एकदा जुळवून घेणारच आहोत, मग फरक काय पडतो? जुळवणी त्या दिवसाच्या तापमानाला होते. एप्रिलमध्ये उन्हातल्या डब्यात आतलं तापमान पार चढतं, आणि पाच टक्केवाले कार्बन फिल्म तेव्हा जास्त सरकतात.

प्रोग्रॅम असा. ओलाव्याचा सेन्सर ५ व्होल्टच्या रेफरन्सवरच राहणार आहे, त्यामुळे दर वेळी रेफरन्स बदलावा लागतो:

```
float FACTOR = 0.01719;

float batteryVolt() {
  analogReference(INTERNAL);
  analogRead(A0);
  delay(50);
  long sum = 0;
  for (int i = 0; i < 16; i++) sum += analogRead(A0);
  analogReference(DEFAULT);
  analogRead(A1);
  delay(10);
  return (sum / 16.0) * FACTOR;
}
```

`analogReference` लिहिल्या क्षणी काही बदलत नाही, पुढच्या `analogRead` ला तो लागू होतो. म्हणून तिथे एकदा फुकट वाचलंय. ५० मिलिसेकंद थांबायचं कारण, AREF पिनवर बोर्डातच एक कपॅसिटर असतो आणि तो ५ व्होल्टवरून १.१ पर्यंत उतरायला वेळ घेतो. हा थांबा काढून टाकलात तर पहिले काही आकडे कमी येतील आणि बॅटरी उतरल्यासारखी वाटेल. आणि आतला रेफरन्स वापरताना AREF पिनला बाहेरून कुठलीही तार जोडलेली नको, नाहीतर आतला रेफरन्स बाहेरच्या पुरवठ्याशी भांडेल आणि चिप खराब होऊ शकते.

०.०१७१९ हा कागदावरचा आकडा, १.१ गुणिले १६ भागिले १०२४. बोर्ड तयार झाला की सोळा वाचनांची सरासरी छापा आणि त्याच वेळी बॅटरीच्या टर्मिनलवर मीटर धरा. समजा सरासरी ७५२ आली आणि मीटर १२.५८ दाखवतोय. १२.५८ भागिले ७५२ म्हणजे ०.०१६७३, तो FACTOR मध्ये घाला. रेझिस्टरचा आणि रेफरन्सचा दोन्हींचा फरक यात एकदमच निघून जातो. बॅटरी १२.६ च्या आसपास असताना सरासरी ६६० च्या खाली किंवा ८२० च्या वर आली, तर मात्र जुळवत बसू नका. रेझिस्टर चुकीचा लागलाय किंवा सोल्डरिंग सुकं आहे. चिपवरची अक्षरंही एकदा भिंगातून वाचून घ्या. काही स्वस्त नॅनोंवर ATMEGA328P च्या जागी LGT8F328P असते, तिचे आतले रेफरन्स वेगळे आहेत आणि माझे आकडे तिला लागू होणार नाहीत.

जुळवणी करताना सगळे व्हॉल्व्ह बंद ठेवा. नॅनोची आणि व्हॉल्व्हची ग्राउंड तार एकच असेल, तर व्हॉल्व्ह उघडल्यावर त्या तारेतच थोडं व्होल्टेज पडतं आणि डिव्हायडर ते बॅटरीतून वजा करतो. अर्धा अँपिअर घेणारा व्हॉल्व्ह आणि अर्ध्या ओहमची लांबट बारीक तार असली, तर पाव व्होल्ट सहज जातो. नॅनोची प्लस आणि मायनस दोन्ही बॅटरीच्या टर्मिनलपासून वेगळ्या तारांनी आणली की हा प्रश्न उरत नाही.

पुढे ईएसपी३२ वर जायचा विचार असेल तर हीच जोडी तशीच उचलू नका. ईएसपी३२ ची पिन ३.३ व्होल्टच्या वर सहन करत नाही, मोजणी रेंजच्या दोन्ही टोकांना वाकडी होते, आणि वायफाय चालू असताना ADC2 च्या पिन वाचता येत नाहीत. तिथे ADC1 ची पिन घ्या, चार्जिंगच्या टोकाला पिनवर सव्वादोन व्होल्टच्या आसपास येतील असा भाग निवडा आणि `analogReadMilliVolts()` वापरा. बिंदूचा रोध कमी ठेवायचं आणि कपॅसिटर लावायचं तिथेही तसंच.

सगळं जोडल्यावर एक शेवटची परीक्षा घ्या. खालच्या १० किलोओहमचा पाय मुद्दाम सोडवा. पिनकडे बॅटरी आता सरळ १५० किलोओहममधून येते. १४.७ व्होल्टलाही त्यातून चिपच्या संरक्षक डायोडमध्ये ६० मायक्रोअँपिअरच जातात, तेवढ्यानं चिपला काही होत नाही, पण आकडा १०२३ ला जाऊन चिकटतो. उद्या शेतात १०२३ दिसला तर खालचा रेझिस्टर किंवा त्याची ग्राउंड सुटलीय. शून्याच्या आसपास दिसला तर वरचा रेझिस्टर सुटलाय किंवा बॅटरीकडून येणारी तार तुटलीय. प्रोग्रॅममध्ये या दोन्ही वेळी "बॅटरी कमी" असं न दाखवता "सेन्सर दोष" असं दाखवा आणि व्हॉल्व्ह नेहमीच्या वेळेला उघडू द्या, म्हणजे एका सुटलेल्या पायामुळे बागेची पाळी चुकणार नाही.